‘आणि’नंतर येणारा सत्तूर : बडबडगीतातला खेळकर सूर धाकात कसा बदलतो, ते कसे वाचावे

‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ या इंग्रजी बडबडगीताची सुरुवात संत्र्या-लिंबांनी होते आणि शेवट मुंडके छाटण्याने. पहिल्या बारा ओळींत लंडनमधल्या निरनिराळ्या घंटा एकमेकींशी बोलतात. मुले हे गीत म्हणत म्हणत खेळतात आणि शेवटची ओळ आली की किंचाळतात, हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. या गीताचे रसग्रहण करायला बसलेला माणूस बहुधा दोनपैकी एका वाटेने जातो. एक तर ‘शेवटी अचानक क्रूरता येते’ असे म्हणून तो थांबतो, नाही तर ही क्रूरता इतिहासातल्या कोणत्या घटनेवरून आली याच्या शोधाला लागतो. दोन्ही वाटांनी गीत हातून सुटते. सूर नेमका कोठे, कशामुळे आणि कोणासाठी बदलतो हे शब्दाशब्दातून दाखवता येते. ते कसे दाखवायचे, याची मी स्वतः वापरत आलेली पद्धत या एकाच गीतावर पायरीपायरीने करून दाखवतो.

आधी पाठ पक्का करा

बडबडगीत तोंडोतोंडी फिरते, त्यामुळे त्याचा एकच अधिकृत पाठ नसतो. म्हणून आपण कोणत्या शब्दांबद्दल बोलत आहोत ते प्रथम कागदावर उतरवावे. आज सर्वांत जास्त म्हटला जाणारा छोटा पाठ असा आहे:

ऑरेंजेस अँड लेमन्स,
से द बेल्स ऑफ सेंट क्लेमेंट्स.
यू ओ मी फाइव्ह फार्दिंग्ज,
से द बेल्स ऑफ सेंट मार्टिन्स.
व्हेन विल यू पे मी?
से द बेल्स ऑफ ओल्ड बेली.
व्हेन आय ग्रो रिच,
से द बेल्स ऑफ शोरडिच.
व्हेन विल दॅट बी?
से द बेल्स ऑफ स्टेपनी.
आय डू नॉट नो,
सेज द ग्रेट बेल ऑफ बो.
हिअर कम्स अ कँडल टु लाइट यू टु बेड,
अँड हिअर कम्स अ चॉपर टु चॉप ऑफ युअर हेड!

अर्थ थोडक्यात असा. संत्री आणि लिंबे, असे एका देवळाच्या घंटा म्हणतात. तू माझे पाच फार्दिंग देणे लागतोस, असे दुसऱ्या देवळाच्या घंटा म्हणतात. कधी फेडशील, असे तिसऱ्या घंटा विचारतात. श्रीमंत होईन तेव्हा, असे उत्तर येते. ते कधी, असा पुन्हा प्रश्न येतो. मला ठाऊक नाही, असे बोची मोठी घंटा सांगते. मग शेवटच्या दोन ओळी येतात: ही आली मेणबत्ती तुला अंथरुणापर्यंत उजेड दाखवायला, आणि हा आला सत्तूर तुझे मुंडके छाटायला.

आता या पाठाशेजारी जुना पाठ ठेवा. हे गीत छापील स्वरूपात 1744च्या सुमारास लंडनमध्ये निघालेल्या ‘टॉमी थम्ब्स प्रिटी साँग बुक’ या मुलांच्या छोट्या पुस्तकात सापडते. त्यात घंटा आहेत, संत्री-लिंबे आहेत, ‘कधी फेडशील’ हा प्रश्न आहे आणि ‘श्रीमंत होईन तेव्हा’ हे उत्तरही आहे. ‘ते कधी’ या प्रश्नाला मात्र तिथे ‘म्हातारा होईन तेव्हा’ असे उत्तर मिळते आणि गीत संपते. मेणबत्ती नाही, सत्तूर नाही, आणि देण्याची रक्कमही सांगितलेली नाही.

या तुलनेतून दोन गोष्टी हाती लागतात. पहिली अशी की धाक हा या गीताच्या जन्मापासूनचा भाग आहे असे त्या छापील पाठावरून म्हणता येत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. जुन्या पाठात ‘ते कधी’ या प्रश्नाला उत्तर आहे. ते थट्टेचे आणि टाळाटाळीचे असले तरी उत्तरच आहे. आजच्या पाठात त्या जागी ‘मला ठाऊक नाही’ आले आहे, आणि नेमके त्याच्यानंतर सत्तूर येतो. म्हणजे उत्तराची जागा जिथे रिकामी झाली तिथे धाक शिरला. ही नोंद बाजूला लिहून ठेवावी, कारण पुढच्या प्रत्येक पायरीवर ती तपासून पाहायची आहे.

मोठ्याने म्हणा आणि अक्षरे मोजा

सूर हा आधी कानाला कळतो, म्हणून अर्थाकडे वळण्यापूर्वी गीत चार-पाच वेळा मोठ्याने म्हणावे आणि घंटांच्या बोलण्यातल्या अक्षरांची, म्हणजे उच्चारातल्या अवयवांची, मोजणी करावी. ‘असे अमक्या घंटा म्हणतात’ हा पालुपदाचा भाग मोजणीतून वगळावा. इंग्रजी उच्चाराप्रमाणे ‘ऑरेंजेस अँड लेमन्स’ मध्ये सहा अवयव आहेत. ‘यू ओ मी फाइव्ह फार्दिंग्ज’ मध्येही सहा आहेत. ‘व्हेन विल यू पे मी’ मध्ये पाच आहेत. त्यानंतर ‘व्हेन आय ग्रो रिच’, ‘व्हेन विल दॅट बी’ आणि ‘आय डू नॉट नो’ या तिन्हींत प्रत्येकी चार. मेणबत्तीच्या ओळीत एकदम दहा, आणि सत्तुराच्या ओळीत अकरा.

सहा, सहा, पाच, चार, चार, चार आणि मग दहा, अकरा. ही आकड्यांची ओळ कागदावर दिसली की जे कानाला जाणवत होते त्याचे कारण सापडते. संभाषण आखूड होत जाते, प्रश्न आणि उत्तर एकमेकांच्या जवळ सरकतात, श्वास तोकडा पडतो. शेवटच्या दोन ओळींत हा दाबलेला श्वास एकदम सुटतो. पहिल्या भागात प्रत्येक ओळीवर दोनच आघात पडतात, तर शेवटच्या दोन ओळींत प्रत्येकी चार पडतात आणि मध्ये थांबायला जागा उरत नाही. गीत म्हणणारे मूल इथे आपोआप वेग घेते.

यानंतर यमके पाहावीत. ‘लेमन्स’ आणि ‘क्लेमेंट्स’ हे यमक जवळचे असले तरी तंतोतंत नाही. ‘फार्दिंग्ज’ आणि ‘मार्टिन्स’ यांत तर मुख्यतः स्वरच जुळतात आणि बाकीचे मूल सांभाळून घेते. ‘पे मी’ आणि ‘बेली’ यांचेही तसेच आहे. ही सैल, गमतीची यमके आहेत. गावांची आणि देवळांची नावे ओढूनताणून जुळवण्यात जी मजा असते, ती या भागात आहे. ‘रिच’ आणि ‘शोरडिच’ पासून यमक घट्ट होऊ लागते, मात्र त्यासाठी नावाच्या शेवटच्या, एरवी हलक्या उच्चारल्या जाणाऱ्या अवयवावर जोर द्यावा लागतो, आणि ‘बी’ व ‘स्टेपनी’ मध्येही तेच घडते. ‘नो’ आणि ‘बो’ हे या गीतातले पहिले असे यमक आहे जे पूर्ण जुळते आणि ज्यासाठी उच्चाराला कोठेही ताण द्यावा लागत नाही. त्यानंतर ‘बेड’ आणि ‘हेड’ हे दुसरे.

म्हणजे यमक एकेक पायरीने आवळत जाते, आणि ते पहिल्यांदा पूर्ण जुळते ते ‘मला ठाऊक नाही’ या वाक्यावर. वेगळ्या वाटेने निघूनही आपण पाठांच्या तुलनेत सापडलेल्या जागेवरच पोहोचलो. अशा दोन स्वतंत्र खुणा एकाच ओळीकडे बोट दाखवतात तेव्हा तिला गीताचे वळण म्हणावे, एका खुणेवर विसंबू नये. सत्तुराची ओळ ठळक आहे म्हणून तीच वळण आहे असे धरून चालणे ही या कामातली सर्वांत नेहमीची चूक आहे. सत्तूर दिसतो तोपर्यंत सूर बदलून झालेला असतो.

कोण बोलते आणि कोणाशी

तिसरी पायरी व्याकरणाची आहे. प्रत्येक ओळीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: बोलणारा कोण, ऐकणारा कोण आणि ‘तू’ म्हणजे कोण. पहिल्या ओळीत घंटा फक्त फळांची नावे घेते, तिथे ‘मी’ नाही आणि ‘तू’ही नाही. दुसऱ्या घंटेच्या तोंडी ‘तू’ आणि ‘मी’ एकाच वेळी येतात, आणि ते येतात तेच देणेकरी आणि सावकार म्हणून. या गीतात दोन व्यक्तींमधले पहिले नाते उधारीचे आहे. तरीही हा ‘तू’ आपण नाही. घंटा घंटेशी बोलते आहे आणि आपण लांबून ऐकत आहोत. मुलाला या भागात संपूर्ण सुरक्षित वाटते, कारण हा दुसऱ्यांचा व्यवहार आहे.

शेवटच्या दोन ओळींत ‘असे घंटा म्हणतात’ हे पालुपद नाहीसे होते. सहा वेळा ऐकून ज्याची सवय झाली होती तो बोलणाऱ्याचा पत्ता निघून जातो आणि वाक्य तसेच उघडे उरते. ही मेणबत्ती आली असे कोण म्हणते, ते गीतात कोठेही सांगितलेले नाही. ‘तू’ मात्र शिल्लक आहे, आणि घंटा निघून गेल्यामुळे तो ‘तू’ आता समोरच्या मुलावर येऊन पडतो. त्यातच ‘हिअर’, म्हणजे ‘इथे, ही बघ’, हा शब्द येतो. आधीच्या सगळ्या घंटा शहरात दूरवर विखुरलेल्या होत्या, आणि आता वस्तू खोलीत आली आहे. धाक वाटतो तो सत्तुराच्या धारेमुळे जितका, तितकाच अंतर मिटल्यामुळे वाटतो. बोलणारा अदृश्य झाला, ऐकणारा मीच झालो आणि जागा इथलीच झाली, या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी घडतात.

‘बेल्स’ हे अनेकवचन बोच्या ओळीत ‘ग्रेट बेल’ असे एकवचनी होते, हेही इथेच नोंदवावे. घोळक्यातून एकच मोठा आवाज पुढे येतो आणि तो म्हणतो की मला ठाऊक नाही. मोठ्या माणसाने ‘मला ठाऊक नाही’ म्हणावे याइतकी मुलाला अस्वस्थ करणारी गोष्ट दुसरी क्वचितच असेल.

आता ज्या शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. सत्तुराच्या ओळीची सुरुवात ‘अँड’ने, म्हणजे ‘आणि’ने होते. तिथे ‘पण’ नाही. ‘पण’ असता तर गीताने स्वतःच कबूल केले असते की आता काही उलटे घडते आहे. ‘आणि’ म्हणते की हे त्याच्याच पुढचे आहे. मेणबत्ती आणि सत्तूर यांच्या ओळी एकाच साच्याच्या आहेत: ही आली अमुक वस्तू, तुझे तमुक करायला. आई जशी दिवा घेऊन येते, तसाच सत्तूर येतो. वाक्याच्या दृष्टीने दोघांत काहीही फरक नाही. काळजी आणि इजा एकाच वाक्यरचनेत शेजारी बसवणे, हीच या गीताची खरी भेदक करामत आहे. ‘शेवटी क्रूरता येते’ असे म्हणणाऱ्या रसग्रहणात ती निसटते, कारण त्यात मेणबत्तीची ओळ आधीच्या गोड भागात ढकलून दिलेली असते. ती दोघांच्या मधली आहे. अंथरुणापर्यंत उजेड दाखवणे ही प्रेमाची कृती आहे, आणि त्याच वेळी मुलाला न विचारता त्याला खेळातून उठवून अंधारात नेणेही आहे.

वाक्ये बदलून पाहा

इथपर्यंतचे निष्कर्ष आपण स्वतःच्या कल्पनेने गीतावर लादले नाहीत ना, हे तपासण्याचा एक साधा उपाय आहे. गीतात मुद्दाम बदल करावेत आणि काय बिघडते ते ऐकावे. मी तीन बदल नेहमी करून पाहतो.

पहिल्या बदलात सत्तुराची ओळ काढून त्याच लयीची निरुपद्रवी ओळ घालावी, जसे की ‘आणि हे आले पांघरूण तुझे पाय झाकायला’. भीती बरीच ओसरते, पण सगळी जात नाही. ‘मला ठाऊक नाही’नंतर एक अनोळखी आवाज ‘तुला’ म्हणून झोपायला नेतो, ही अस्वस्थता तशीच उरते. जी उरते ती रचनेतली आणि जी जाते ती शब्दातली, असा हिशेब सरळ मांडता येतो.

दुसऱ्या बदलात शेवटच्या दोन ओळींचा क्रम उलटावा: आधी सत्तूर, मग मेणबत्ती. शब्द तेच राहतात, वस्तू त्याच राहतात, पण गीत एकाएकी दिलासा देऊ लागते. घाबरवले आणि मग झोपवले, अशी अंगाईची चाल त्याला येते. सूर हा शब्दांच्या यादीत नसून त्यांच्या क्रमात असतो, याचा यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही.

तिसऱ्या बदलात बोची ओळ गाळावी आणि स्टेपनीच्या ‘ते कधी’ या प्रश्नानंतर थेट मेणबत्ती आणावी. आता सत्तूर हे प्रश्नाचे उत्तर वाटू लागते: फेडत नाहीस ना, मग घे. गीत कर्जवसुलीची धमकी होऊन बसते, समजायला सोपे होते आणि माझ्या मते कितीतरी कमी भीतिदायक होते. बोच्या घंटेच्या अज्ञानामुळे व्यवहाराचा धागा तुटतो, आणि तो तुटलेला असल्यामुळेच सत्तूर कोणत्याही कारणाशिवाय येतो.

इतिहास कितपत वापरावा

हे गीत लंडनमधल्या न्यूगेटच्या तुरुंगातल्या फाशीबद्दल आहे, असे स्पष्टीकरण वारंवार वाचायला मिळते. ते आकर्षक आहे, आणि त्याच्या मागे काही खऱ्या गोष्टीही आहेत. ‘ओल्ड बेलीच्या घंटा’ म्हणजे त्या तुरुंगासमोरच्या सेंट सेपल्कर देवळाच्या घंटा असे मानले जाते. या देवळाला रॉबर्ट डाउ नावाच्या लंडनच्या एका व्यापाऱ्याने 1605 मध्ये देणगी दिली होती. फाशीच्या आदल्या मध्यरात्री कैद्याच्या कोठडीबाहेर हातघंटा वाजवून त्याला उद्याच्या मरणाची आणि पश्चात्तापाची आठवण करून द्यावी, यासाठी ती देणगी होती. ती हातघंटा आजही त्या देवळात आहे. ‘बो’ची, म्हणजे सेंट मेरी-ल-बो देवळाची, मोठी घंटा पूर्वी रात्री दिवे मालवण्याची वेळ सांगण्यासाठी वाजवली जात असे, त्यामुळे तिच्यानंतर अंथरुणाची मेणबत्ती यावी हे चपखल वाटते.

मीही पूर्वी एका टिपणात हे सगळे जोडून गीताचा ‘खरा अर्थ’ सापडल्याचे लिहिले होते, आणि नंतर ते मागे घ्यावे लागले. अडचणी साध्या आहेत. न्यूगेटच्या कैद्यांना फाशी दिली जाई, त्यांचे मुंडके सहसा छाटले जात नसे. फाशीची जागा 1783 पर्यंत टायबर्न होती आणि त्यानंतर तुरुंगाबाहेरचा रस्ता, पण साधन दोरच होता. साध्या कर्जासाठी देणेकऱ्याला तुरुंगात टाकत, मृत्युदंड देत नसत. ‘चॉपर’ हा शब्दसुद्धा जल्लादाच्या कुऱ्हाडीपेक्षा मांस तोडण्याच्या सत्तुराच्या जवळचा, म्हणजे घरातला आहे. शिवाय सर्वांत जुन्या छापील पाठात ही ओळच नाही. ओळ नंतर जोडली गेली असेल तर ‘गीत मुळातच फाशीवर होते’ असे म्हणण्याला आधार उरत नाही.

यासाठी मी एक नियम पाळतो. इतिहासातली माहिती शब्दाच्या आसपासचे वातावरण सांगण्यासाठी वापरावी, शब्दाचे कारण म्हणून वापरू नये. लंडनच्या मुलांच्या आणि त्यांच्या आई-वडिलांच्या कानावर घंटा केवळ प्रार्थनेसाठी पडत नव्हत्या, त्या झोपण्याची वेळ आणि मरणाची वेळही सांगत, एवढे म्हणणे सुरक्षित आहे आणि पुरेसेही आहे. ‘रिंग अ रिंग ओ’ रोझेस’ हे गीत 1665च्या प्लेगवर आहे ही समजूत अशीच पसरली. ते गीत इंग्लंडमध्ये छापले गेले ते 1881 मध्ये, मधल्या दोनशे वर्षांत तिथे त्याचा छापील मागमूस नाही, आणि इओना व पीटर ओपी या बालगीतांच्या अभ्यासक दांपत्याने ती उपपत्ती स्पष्टपणे अमान्य केली आहे. मूळ घटना शोधण्याच्या ओढीत वाचक हातातले शब्द वाचायचे विसरतो, ही त्यातली खरी हानी आहे.

रकमेच्या बाबतीत मात्र इतिहास थेट उपयोगी पडतो. फार्दिंग म्हणजे पेनीचा चौथा भाग, म्हणून पाच फार्दिंग म्हणजे सव्वा पेनी. एकोणिसाव्या शतकातल्या एका दीर्घ पाठात सेंट हेलनच्या घंटा दहा शिलिंगांची मागणी करतात, आणि दहा शिलिंग म्हणजे चारशे ऐंशी फार्दिंग होतात. आज रूढ असलेल्या छोट्या पाठात देणे क्षुल्लक आहे आणि शेवटी डोके जाते. गुन्हा आणि शिक्षा यांच्यातली ही दरी प्रौढ वाचकाला विनोदी वाटू शकते. पाच आणि पाचशे यांतला फरक ज्याला अजून नीट कळत नाही, आणि लहानशा चुकीला केवढी शिक्षा होईल याचा अंदाज ज्याला कधीच येत नाही, त्या मुलासाठी हा विनोद नसून रोजचा अनुभव आहे.

खेळ पाहिल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका

हे गीत कागदावर जगत नाही, ते खेळात जगते, म्हणून शेवटची पायरी खेळाची आहे. दोन मुले समोरासमोर उभी राहून हातांची कमान करतात. आपल्यापैकी संत्रे कोण आणि लिंबू कोण हे त्यांनी आधीच गुपचूप ठरवलेले असते. बाकीची मुले रांगेने कमानीखालून गोल गोल जातात. शेवटच्या ओळीला, आणि पुष्कळदा तिच्या मागे जोडलेल्या ‘चिप चॉप’च्या घोषात, कमानीचे हात खाली वर होत राहतात आणि अखेरच्या शब्दावर खाली येऊन एका मुलाला पकडतात. पकडलेल्या मुलाला कानात विचारतात की संत्रे हवे की लिंबू, आणि ते ज्याचे नाव घेईल त्याच्या पाठीमागे कंबर धरून उभे राहते. सगळी मुले पकडली गेली की दोन्ही बाजूंची खेचाखेच होते.

हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवून आधीच्या नोंदी पुन्हा वाचाव्यात. अक्षरांची संख्या आवळत जाते तेव्हा कमानीखालची रांग पुढे सरकत असते. शेवटच्या दोन लांब ओळींत मुले धावू लागतात, कारण नेमक्या त्या वेळी कमानीखाली असू नये असे प्रत्येकाला वाटते. आणि तो ‘तू’, जो घंटांपासून सुटून समोरच्या मुलावर पडला असे आपण व्याकरणावरून म्हटले, तो खेळात अक्षरशः हवेत असतो. हात खाली येईपर्यंत तो कोणाचाच नसतो.

जे मूल सापडते त्याने कोणाचे पाच फार्दिंग घेतलेले नसतात. गीतातला देणेकरी आणि खेळातला बळी यांचा काही संबंध नसतो. शब्दांत बोच्या ओळीने जो धागा तोडला, तोच खेळात तुटलेला दिसतो: शिक्षा चुकीमुळे होत नाही, त्या क्षणी तिथे असल्यामुळे होते. सूर बदलल्यामुळे काय उघड होते, या प्रश्नाला माझे उत्तर हे आहे. गीत मुलाला ‘कर्ज फेड, नाही तर मरशील’ अशी शिकवण देत नाही. मोठ्यांच्या जगातल्या हिशेबाची भाषा त्याला दुरून ऐकू येते, त्या हिशेबाचे उत्तर कोणालाच देता येत नाही, आणि तरीही परिणाम त्याच्याच अंगावर येतो, ही मुलाची स्थिती गीताने जशीच्या तशी पकडली आहे. झोपायला नेणारा हात आणि पकडणारा हात यांच्यामध्ये ‘आणि’ आहे, कारण मुलाच्या बाजूने पाहिले तर दोन्ही हात सारखेच न विचारता येतात.

यावरून ‘मुले क्रूर असतात’ किंवा ‘जुनी बालगीते मुलांना घाबरवण्यासाठी रचली’ असे निष्कर्ष काढू नयेत. गीताचा कर्ता ठाऊक नसताना हेतूबद्दल बोलण्याला आधार नसतो, आणि खेळ तर उलटीच साक्ष देतो. मुंडके छाटल्यावर मुलाला संत्रे की लिंबू असे विचारले जाते, म्हणजे पहिली ओळ परत येते, आणि पकडले गेलेले मूल आता एका बाजूचे होते. ज्याने कोणी ही कमान आणि हे शब्द एकत्र आणले, त्याने धाकाला खेळाच्या शेवटी न ठेवता मध्यावर ठेवले आहे.

रसग्रहण लिहिताना हा क्रम उलटा करावा असे मी सुचवेन. सुरुवात खेळातल्या त्या खाली येणाऱ्या हातांपासून करावी, तिथून ‘आणि’ या शब्दाकडे यावे, मग ‘मला ठाऊक नाही’कडे आणि शेवटी संत्र्या-लिंबांकडे. ज्या क्रमाने आपण शोधले त्याच क्रमाने लिहिले तर वाचकाला सत्तूर पुन्हा अचानक भेटतो आणि तो दचकण्यातच अडकतो. मागून पुढे गेले तर त्याला आखूड होत जाणाऱ्या ओळी दिसतात, घट्ट होत जाणारी यमके ऐकू येतात, आणि संत्री-लिंबे म्हणणारी पहिली घंटा वाजेपर्यंत कमान कोठे उभी आहे हे त्याला माहीत असते.